आगाऊ न सांगता येणारी रजा

मेमो आला तेव्हा यशोधरा टँकरच्या शिडीवर उभी होती. वरचं झाकण उघडायचं, लांब दांड्याच्या डावानं दूध ढवळायचं, वास घ्यायचा, नमुना बाटलीत भरून खाली उतरायचं. मंचरजवळच्या या डेअरीत लॅबला लागल्यापासून तिची सकाळ अशीच सुरू व्हायची. ऑफिसचा शिपाई खालूनच कागद हलवत म्हणाला, "मॅडम, सही पायजे. आत्ताच्या आत्ता."

तिनं उतरून हात पुसले आणि कागद वाचला. 'आपण पूर्वपरवानगी न घेता वारंवार गैरहजर राहता. ही बाब गैरवर्तन या सदरात मोडते. पुन्हा असे घडल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.'

गैरवर्तन. हा शब्द तिनं आजवर दारू पिऊन बॉयलरजवळ झोपलेल्या माणसासाठी ऐकला होता. तिनं सही केली. टँकरवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून पुन्हा शिडी चढली.

गैरहजर राहिली होती हे खरं. न कळवता मात्र एकदाही नाही. प्रत्येक वेळी तिनं पहाटे रामदासभाऊंना, म्हणजे टँकरचं दूध उतरवून घेतात त्या रिसेप्शन डॉकच्या सुपरवायझरला, फोन केला होता. पण वर्षभरापूर्वी कंपनीनं रजेचं अ‍ॅप आणलं आणि त्या अ‍ॅपला आजची तारीख चालत नसे. रजा मागायची तर उद्याची मागा, परवाची मागा. आज पहाटे अंथरुणातून उठून मोरीकडे धावत सुटलेल्या माणसाची रजा त्यात बसत नव्हती. मग त्या दिवसापुढे लाल फुली पडायची आणि ती फुली थेट पुण्याच्या हेड ऑफिसात दिसायची.

आजार जुना होता. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, मग शौचातून रक्त जातं. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांनी दबून राहतो. महिनेच्या महिने ती ठणठणीत असायची, पोती उचलायची, जत्रेत चालायची. आणि मग एखाद्या पहाटे, काही वावगं खाल्लेलं नसताना, पोटात पिळा पडायचा आणि दिवसातून किती वेळा धावावं लागेल याचा नेम राहायचा नाही. कधी दोन दिवसांत ओसरायचं, कधी दोन आठवडे जायचे. "कशानं होतं?" असं तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते आम्हाला कळलं असतं तर तुम्हाला आधीच सांगितलं नसतं का?"

डेअरीत तिनं एवढंच सांगून ठेवलं होतं की पोटाचा त्रास आहे. त्यामुळे कुणी ओवा खायला सांगे, कुणी ताक प्यायला, आणि घरी सासूबाई, म्हणजे आक्काबाई, 'बाहेरचं बघून घे' म्हणत.

दुपारी ती एच.आर.च्या वृषाली मॅडमकडे गेली. वृषाली तिच्यापेक्षा लहान, बोलायला गोड. तिनं पंखा वाढवला, पाणी दिलं.

"यशोधराताई, मला वाईट वाटतं हो असले कागद काढायला. पण मला खरंच कळत नाही तुम्हाला होतं काय. पोट तर सगळ्यांचंच दुखतं."

यशोधरानं दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, बाहेर हिशेबाची दोन माणसं डबा खात होती. तिनं आवाज उतरवून सांगितलं. रक्त हा शब्द आला तशी वृषालीची मान खाली गेली आणि ती टेबलावरचा स्टेपलर उगीच सरळ करू लागली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मग हे आधी लिहून का नाही दिलंत? असं करा, एकदाच कायमचा एक अर्ज द्या. प्रत्येक वेळचा वेगळा नको. असं असं होतं, आधी सांगता येत नाही, तेव्हा अशी अशी सवलत मिळावी. मी साहेबांची सही घेते आणि हेड ऑफिसला सांगून ती लाल फुली बंद करते."

इतकं सोपं होतं तर! यशोधरा घोडेगावला घरी आली ती जवळजवळ हसतच.

अर्ज लिहायला बसली आणि हसू मावळलं. मराठीत लिहायचं ठरवलं, कारण प्लँट मॅनेजर साहेबांना इंग्रजीतला लांब कागद वाचायचा कंटाळा होता. पहिला मसुदा दोन पानं झाला. त्यात दवाखान्यांची नावं आली, पहिलं बाळ पोटात राहिलं नाही ते आलं, एसटीत झालेली फजिती आली. समाधाननं, तिच्या नवऱ्यानं, वाचला आणि कागद हळूच खाली ठेवला. तो वायरमन माणूस. "मला वाचवत न्हाई," म्हणाला. "आणि जे मला वाचवत न्हाई ते त्या साहेबानं का वाचावं? तुळशीदासतात्यांना बोलवू."

तुळशीदास म्हणजे समाधानचे चुलते. जुन्नरच्या पंचायत समितीत कारकून म्हणून उभं आयुष्य गेलेलं, आता मढला राहत. रविवारी पहिल्या एसटीनं आले, जयभीम घातला, चहा घेतला आणि चष्मा लावून मसुदा वाचला.

"पोरी, हे समदं खरं हाय?"

"हो तात्या."

"आमाला कंदी सांगितलं न्हाईस." त्यांनी कागदाची घडी घातली. "हे तुझ्यापाशी ठेव. अर्ज दुसरा लिहू."

त्यांनी सांगायला सुरुवात केली ती 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी, सविनय सादर की' अशी. यशोधरानं पेन थांबवलं.

"तात्या, मी मेहेरबानी मागत नाहीये. माझी रजा शिल्लक आहे, तीच मागतेय. फक्त आधी सांगता येत नाही एवढंच."

"मग तसंच लिही की. तेच तर कळीचं हाय. जास्तीची रजा नको, हे पयल्याच वळीत आलं पायजे. न्हाईतर साहेब वाचायच्या आधी भितो."

मग दोघं जण वाक्य वाक्य तासत बसले. आजाराचं नाव लिहायचं की नाही यावर खूप वेळ गेला. तिला लिहायचं नव्हतं. डॉकवरची पोरं अर्ज वाचणार, आणि मग ती शिडी चढू लागली की मागून काय बोलतील हे तिला ठाऊक होतं. तात्यांचं म्हणणं असं की नाव नाही टाकलं तर साहेब म्हणणार, बनाव आहे. शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अर्जात 'आतड्याचा जुनाट, अधूनमधून उफाळणारा आजार' एवढंच लिहा, मी दाखल्यात बाकीचं लिहितो, तो दाखला पाकिटात घालून फक्त एच.आर.ला द्या.

अर्ज एका पानात बसला. आजार उफाळल्यास ती कामाची पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन करील, फोन उचलला नाही तर मेसेज ठेवील, आणि ही पूर्वसूचना धरली जावी. कामावर परतल्यावर अ‍ॅपमध्ये मागील तारखेची नोंद एच.आर.नं करून द्यावी. रजा आपल्या शिल्लक रजेतूनच वजा व्हावी, ती संपल्यास बिनपगारी धरावी, पण विनापरवाना गैरहजेरी धरू नये. दर खेपेला नवा दाखला मागू नये, कारण त्या अवस्थेत दवाखान्यापर्यंतचा प्रवासच होत नाही. त्याऐवजी तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला दर सहा महिन्यांनी नवा करून देण्यात येईल, आणि आठवड्याच्या वर रजा लांबली तर त्या खेपेचा वेगळा देण्यात येईल. त्रास सौम्य असेल त्या दिवशी शिडीचं काम सोडून लॅबमधलं बसून करायचं काम मिळावं. ही व्यवस्था कशी चालते ते सहा महिन्यांनी दोन्ही बाजूंनी बसून पाहावं.

यशोधराला वाटलं, शेवट फार कोरडा झाला. तिनं लिहिलं, 'माझ्या रजेमुळे कामाचा खोळंबा होणार नाही.'

तात्यांनी बोट ठेवलं. "हे खोड."

"का? चांगलं वाटतं ना."

"चांगलं वाटतं म्हणूनच खोड. जे आपल्या हातात हाय तेवढंच लिहावं माणसानं. फोन करणं तुझ्या हातात हाय. दाखला आणणं तुझ्या हातात हाय. तू मोरीत बसलेली असताना तिकडं दुधाचं काय व्हतं, ते हाय का तुझ्या हातात?"

तिनं वाक्य खोडलं.

सोमवारी वृषालीनं अर्ज वाचला आणि मनापासून म्हणाली, "किती छान लिहिलंय हो. एवढं सुटसुटीत कुणी लिहीत नाही." दोन दिवसांनी तिनंच बोलावून घेतलं. "साहेब तयार आहेत. फक्त त्यांचं म्हणणं, सगळं कंपनीनं करायचं, मग ताईंची काही जबाबदारी? एक ओळ घाला शेवटी. मी टाइप करून ठेवलीये."

ओळ अशी होती: 'माझ्या अनुपस्थितीत माझ्या कामाची पर्यायी व्यवस्था करणे व त्यामुळे कामावर कोणताही विपरीत परिणाम होऊ न देणे याची जबाबदारी माझी राहील.'

"मॅडम, पर्यायी माणूस मी कुठून नेमणार? ते सुपरवायझरचं काम आहे."

"अहो, नुसतं लिहायचं असतं. मॅनेजमेंटला जरा बरं वाटतं. कुंडलिक आहेच ना, त्याला शिकवून ठेवा म्हणजे झालं. साहेब आज पुण्याला चाललेत, ते परत आले की नवं काही मनात घेतील. आत्ता सही झाली तर झाली."

आणि नेमकं तेव्हाच यशोधराच्या पोटात पिळा पडला. सकाळपासून कुरकुर होतीच, ती आता चढत आली. तिला घाम फुटला. लेडीज संडास प्लँटच्या त्या टोकाला, पॅकिंगच्या मागं होता. तात्यांना एक फोन करावा, उद्यापर्यंत वेळ मागावी, हे सगळं तिच्या मनात आलं आणि त्या पिळ्यापुढे टिकलं नाही. उभ्या उभ्या वाकून तिनं सही केली. वृषाली "थँक यू ताई" म्हणेपर्यंत ती दाराबाहेर होती.

मंजुरी आली. आणि खरं सांगायचं तर, ते दिवस बरे गेले. दोनदा त्रास झाला, दोन्ही वेळा तिनं पहाटे फोन केला, रामदासभाऊ "बरं बरं, पड तू" म्हणाले, आणि लाल फुली पडली नाही. कामगारांत थोडी कुजबुज झाली. पॅकिंगमधला एक जण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमाला बी असला पास काढून द्या राव." तिनं ऐकलं न ऐकलं केलं. लॅबमधल्या मदतनिसाला, कुंडलिकला, तिनं फॅट बघायला शिकवलं, दूध उकळून फाटतं का ते बघायला शिकवलं, आणि औषधाची पट्टी बघायला शिकवलं. गायीला कासेचा आजार झाला की डॉक्टर इंजेक्शन देतात, त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. पट्टी बुडवून थोडा वेळ थांबलं की तो दिसतो. "कितीबी घाई असू दे, पट्टी सोडायची नाही," असं तिनं त्याला बजावलं होतं. तो मान डोलवायचा. पोरगा तसा कामाचा होता.

श्रावणात तिचं दुखणं पुन्हा उफाळलं आणि या वेळी ओसरेना. तिनं फोन केला, मेसेज ठेवला. आठवडा लोटला तसा डॉक्टरांचा वेगळा दाखला समाधान डेअरीत नेऊन देऊन आला. सगळं अर्जात लिहिल्याप्रमाणे. ती घरी पडून होती तेव्हाच डेअरीत दही लागलं नाही.

दही लागलं नाही म्हणजे विरजण घातलेलं दूध रात्रभर तसंच पातळ राहिलं. एका टँकरमध्ये इंजेक्शनवालं दूध आलं होतं, ते मोठ्या टाकीत मिसळलं, आणि औषधानं विरजणच मारून टाकलं. सणाची मागणी, आणि पूर्ण खेप नाल्यात सोडावी लागली.

ती कामावर आली त्या दिवशीच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रामदासभाऊ आधीच बसलेले होते, वृषाली फाइल घेऊन. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी तिचा अर्ज काढला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"'जबाबदारी माझी राहील.' ही सही कुणाची?"

"माझी आहे सर. पण त्या दिवशी मी रजेवर होते, मंजूर रजेवर. पट्टी लावली होती का, ते—"

"रजेवर होतात तेच तर म्हणतोय. पर्यायी व्यवस्था तुमची. परिणाम होऊ देणार नाही असं तुम्ही लिहिलंय, मी नाही. आम्ही तुमच्यासाठी माणुसकी दाखवली, यशोधरा, आणि तुम्ही ती अशी फेडली."

तिनं वृषालीकडे पाहिलं. 'नुसतं लिहायचं असतं' म्हणालेली ती फाइलचा कोपरा नखानं खरवडत होती. रामदासभाऊ छताकडे बघत होते.

संध्याकाळी गाड्या लावतात तिथं कुंडलिकनं तिला गाठलं.

"ताई, मी पट्टी काढली व्हती. भाऊ म्हनले, तीन टँकर मागं हायेत, रस्त्यावर रांग लागली, नंतर लाव. नंतर मंग राह्यलीच. आता मी काय बोलू? मी रोजंदारीवर हाय."

तिला त्याचा राग येईना, आणि तेच तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी ती वजनकाट्यापाशी रामदासभाऊंसमोर उभी राहिली. ती कामाला लागल्यापासून तिला हात धरून शिकवणारा माणूस. तिच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होता.

"भाऊ, पट्टी तुम्ही थांबवली. साहेबांना एवढंच सांगा. मी दुसरं काही मागत नाही."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "रिटायरला थोडं राह्यलंय माझं. ग्रॅच्युइटीवर पोरीचं लगीन हाय."

"आणि माझं?"

"तुझ्याकडं निदान आजार तरी हाय गं सांगायला," रामदासभाऊ म्हणाले. "माझ्याकडं कायच न्हाई." आणि ते काट्याच्या खोलीत गेले.

आठवड्यात दोन कागद आले. एका कागदानं सवलत रद्द झाली. दुसऱ्यानं तिची बदली बेल्ह्याच्या दूध संकलन केंद्रावर झाली, 'आपली प्रकृती लक्षात घेता कमी ताणाच्या ठिकाणी'.

तुळशीदासतात्या मढहून पुन्हा आले. त्यांनी अर्जाची प्रत मागितली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मान वर केली. "ही वळ आपली न्हाई."

"नाही. पण सही माझीच आहे, तात्या."

"मला इचारायचं व्हतं गं."

कसं सांगणार, की तेव्हा विचारायला तिच्याकडे दोन मिनिटंही नव्हती, आणि का नव्हती ते? तात्यांनी पुढं रेटलं नाही. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "अर्ज चांगला झाला व्हता आपला," जसं काही ते एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलत होते.

मंचरच्या एका वकिलाला दाखवलं. वकील भला होता. तो म्हणाला, लढता येईल. मंजूर रजेतल्या चुकीबद्दल तुम्हाला धरता येतं का, हा प्रश्न आहेच. पण बदलीचा अधिकार नेमणूकपत्रात कंपनीनं राखून ठेवलाय, तुमची सही असलेलं वाक्य ते पुढं करणार, आणि तुमचा आजार दिव्यांग कायद्याच्या यादीत नाही, त्यामुळे तिकडून आधार लगेच मिळणार नाही. वेळ लागेल. "तोवर तिथं हजर व्हा," तो म्हणाला. "गैरहजर राहिलात तर तेच त्यांना पाहिजे."

म्हणून ती बेल्ह्याला हजर झाली. घोडेगावहून मंचर, मंचरहून नारायणगाव, आळेफाटा, तिथून पुढं मिळेल ती जीप. केंद्र म्हणजे एक शटरचं दुकान, मागं दूध थंड करायची टाकी, पुढं काटा. बाजाराच्या दिवशी समोरून बैलांचे टेम्पो जात आणि धुरळ्यानं काट्याची काच भरून जाई. काम खरंच कमी होतं. संडास नव्हता. तिनं वृषालीला फोन केला.

"शेजारी कुणाच्या घरी विचारता येईल ना ताई? गावात लोक चांगले असतात."

लोक चांगलेच होते. शेजारच्या प्रयागबाईंनी पहिल्या दिवशी "जा की, त्यात काय विचारायचं" म्हणत दार उघडलं, वर चहा पाजला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुला काय झालंय का गं? लई वेळा येती." तिसऱ्या आठवड्यात संडासाला कुलूप लागलं आणि सुनेनं सांगितलं, पाण्याची टंचाई आहे. पिंपात पाणी भरलेलं यशोधराला दिसत होतं.

मग तिनं सकाळचं खाणं सोडलं. पाणीही आळेफाट्यापर्यंत प्यायची नाही. आजार उपासानं थांबत नाही, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी उतरलेलं वजन बघून स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवल्या, तोंड सुजलं. एका पहाटे तिनं जायचं ठरवलं, साडी नेसली, आणि दारातच खाली बसली. फोन हातात होता. कुणाला करायचा? सवलत रद्द झाली होती. फोन केला तरी फुली लालच पडणार. तिनं केला नाही. आक्काबाईंनी तिच्यापाशी बसून पाठीवरून हात फिरवला, आणि पहिल्यांदाच ओव्याचं किंवा बाहेरच्याचं नाव काढलं नाही. "सोड ती नोकरी," म्हणाल्या. "जीव ऱ्हायला तर मिळंल दुसरी."

वकिलाचं पुढचं पाऊल राहूनच गेलं. राजीनामा तिनं स्वतः लिहिला, तात्यांना न विचारता. कारण लिहिलं: 'आजाराच्या काळातील रजेची मंजूर सवलत काढून घेण्यात आली व स्वच्छतागृह नसलेल्या ठिकाणी बदली करण्यात आली, यामुळे काम करणे अशक्य झाले आहे.' तो कागद घेऊन ती मंचरला गेली.

वृषालीनं वाचला आणि डोळ्यांत पाणी आणलं. खरंच आणलं, यशोधराला त्याबद्दल शंका नव्हती. "ताई, हे असं गेलं ना, तर तुमचा हिशेब अडकवतील. अनुभवाचा दाखलापण. मी तुमच्या भल्यासाठी सांगते. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा. सगळेच तसंच लिहितात."

यशोधरानं खिडकीबाहेर पाहिलं. डॉकवर टँकर लागला होता, कुंडलिक शिडी चढत होता. या वेळी पोटात पिळा नव्हता. घाई नव्हती. विचार करायला हवा तेवढा वेळ होता. तिनं दुसरा कागद मागून घेतला आणि 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून दिलं.

दिवाळीनंतर नारायणगावला माती-पाणी तपासणीच्या एका खाजगी लॅबमध्ये जागा निघाली. तब्येत बरी चालली होती, वजन थोडं भरून आलं होतं. मालक, गेणभाऊ नावाचे पोक्त गृहस्थ, स्वतःच मुलाखत घेत होते. द्राक्ष-टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांची गर्दी असते, म्हणाले. हंगामात दम खायला फुरसत नसते. तिचा अनुभवाचा दाखला त्यांनी वाचला. 'वर्तणूक चांगली.' त्यांनी खुशीनं मान हलवली.

"डेअरी का सोडली?"

"वैयक्तिक कारण."

"बरं. तब्येतीचं काही न्हाई ना? आधीच इचारलेलं बरं. मागची बाई सारखी रजेवर असायची, काही सांगायची बी न्हाई."

ते वाईट माणूस दिसत नव्हते. टेबलावर त्यांच्याच मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी पडली होती. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकून घेतलं असतं. समजूनही घेतलं असतं. सगळ्यांनीच समजून घेतलं होतं.

"नाही," यशोधरा म्हणाली. "तब्येत चांगली आहे."

"मग सोमवारपासून या."

ती उठली, नमस्कार केला, आणि बाहेर पडताना पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या बोळात डोकावून आली. बोळाच्या टोकाला संडासाचं पत्र्याचं दार होतं. तिनं ते ढकलून पाहिलं. आतून लावायला कडी होती, नळालाही पाणी होतं. आजार लपवून ही नोकरी मिळवल्याचं समाधानला आणि तात्यांना काय सांगायचं, हे मनात जुळवत ती एसटी स्टँडकडे चालू लागली.